प्रथमपुरुषी गोष्टीतला ‘मी’ आणि त्याची क्रियापदं

*प्रश्न: मी एक गोष्ट ‘मी’च्या तोंडून लिहितो आहे. प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू होतं आणि ‘-ला, -ली, -ले’ने संपतं. वाचणारे म्हणतात, गोष्ट नाही, चौकीतला जबाब वाटतो. क्रियापदांची रूपं आणि वाक्यरचना कशी निवडावी?*

मूळ अडचण मराठी भूतकाळाच्या घडणीत आहे, म्हणून आधी तिथे जाऊ.

‘पोहोचलो’ म्हटलं की बोलणारा कोण ते क्रियापदानेच सांगितलं. ‘मी’ गाळला तरी अर्थ हलत नाही. पण ‘उघडलं’, ‘वाजवली’, ‘पाहिला’ ही रूपं कर्त्याकडे बघतच नाहीत. ती कर्माप्रमाणे चालतात: दार उघडलं, कडी वाजवली, दिवा पाहिला. कोणी उघडलं, हे त्यातून कळत नाही. मग लिहिणारा दर वाक्याला ‘मी’ लावत जातो, आणि सकर्मक क्रियापदं ओळीने आली की जबाब तयार होतो. हा नमुना बघा:

‘मी रात्री उशिरा घरी पोहोचलो. मी कुलूप काढले असता दार आतून बंद असल्याचे माझ्या लक्षात आले. मी तीन वेळा कडी वाजवली. त्यानंतर मी खिडकीतून आत पाहिले. आत दिवा सुरू असल्याचे मला दिसले. त्या घरात मी एकटाच राहत होतो.’

घटना चांगली आहे, पण अंगावर येत नाही. आता हीच अशी:

‘घरी पोहोचलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. कुलूप काढलं, दार ढकललं, तर दार हलेना. आतून कडी! वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. उत्तर नाही. मागच्या बाजूला गेलो. खिडकीतून डोकावतो, तर आत दिवा जळतोय. आणि त्या घरात एकटाच राहायचो मी.’

इथे ‘मी’ एकदाच आला आहे, तोही अगदी शेवटी. ‘पोहोचलो’ने माणूस उभा केला. त्याच्या जोरावर ‘काढलं’, ‘ढकललं’, ‘वाजवली’ बिनकर्त्याची चालली. तो जोर ओसरायच्या आत ‘गेलो’ आलं आणि पुन्हा आधार मिळाला. हाच मुख्य उपाय आहे: दर दोन-तीन सकर्मक क्रियापदांमागे एक असं क्रियापद ठेवा, जे बोलणाऱ्याला स्वतःत घेऊन येतं. उठलो, वळलो, थांबलो, दचकलो ही तर आहेतच. शिवाय कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणे चालणारी काही क्रियापदं आहेत, आणि ती निवेदकाला फार उपयोगी पडतात: म्हणालो, बोललो, विसरलो, शिकलो, प्यायलो. ‘मी त्याला म्हटलं’ यातला ‘मी’ काढता येत नाही. ‘त्याला म्हणालो’मध्ये तो लागतच नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ‘आलो’ हे रूप ‘मी’चं आहे तसंच ‘आम्ही’चंही आहे. निवेदिका असेल तर अडचण थोडी वाढते, कारण ‘आले’ म्हटल्यावर ‘मी’ आले, ‘ते’ आले की ‘बाबा’ आले, हे कळत नाही. अशा वेळी ‘मी’ची भर घालण्याआधी ‘एकटीच निघाले’, ‘दमलेली होते’ असा शब्द सुचतो का बघा. लिंग आणि वचन दोन्ही त्यातच उलगडतात. नाहीच सुचला तर परिच्छेदाच्या सुरुवातीला एकदा ‘मी’ लिहावा आणि पुढे निर्धास्त चालावं.

आता ‘काढले असता’ आणि ‘असल्याचे लक्षात आले’. ही दोन्ही वळणं घटना घडून गेल्यावर तिची नोंद करणाऱ्याची आहेत. ‘दार बंद असल्याचे लक्षात आले’मध्ये दार वाक्याच्या पोटात दडतं आणि मुख्य क्रियापदाची जागा ‘लक्षात येणं’ घेतं. गोष्टीत दारालाच क्रियापद द्यावं. ‘तर’ हा छोटा शब्द ते काम फार चोख करतो: ‘ढकललं, तर हलेना’, ‘डोकावतो, तर दिवा जळतोय’. ‘तर’च्या अलीकडे माणसाची कृती आणि पलीकडे त्याला जे अनपेक्षित भेटलं ते. ‘मला दिसले’ म्हणायची गरजच उरत नाही.

‘हलेना’वर मात्र मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण हे रूप नव्या लेखनात विनाकारण मागे पडत चाललंय. ‘दार हललं नाही’ ही माहिती झाली. ‘दार हलेना’मध्ये माणूस जोर लावतोय आणि दार दाद देत नाहीये, असे दोघंही दिसतात. प्रयत्न चालू आहे, तो पुरा पडत नाही, आणि वेळ जातोय, हे सगळं एका ‘ना’त येतं. ‘काही सुचेना’, ‘पाय उचलेना’, ‘नाव आठवेना’ ही त्याच घराण्यातली. पण प्रयत्न नसेल तिथे ते वापरू नये. ‘त्या दिवशी पत्र आलं नाही’ ही साधी गोष्ट. ‘पत्र येईना’ म्हटलं की कोणीतरी रोज वाट बघत होतं.

‘डोकावतो’ हा वर्तमानकाळ मुद्दाम आहे. भूतकाळात सांगता सांगता सगळ्यात ताणाच्या जागी वर्तमानात शिरायचं, ही तोंडी गोष्ट सांगणाऱ्यांची जुनी रीत आहे. ती एक-दोन क्रियापदांपुरतीच टिकते. पानभर ‘मी जातो, मी बघतो’ चालवलं की ताण सुटतो आणि आता चाललेल्या खेळाचं वर्णन वाटायला लागतं. ताणाची जागा सरली की भूतकाळात परत या.

राहिलं शेवटचं वाक्य. ‘राहत होतो’ म्हणजे त्या काळात चालू असलेली स्थिती. ‘राहायचो’मध्ये नेहमीचा रिवाज येतो, आणि ‘ते दिवस आता गेले’ अशी हलकी चाहूलही. ‘राहत असे’ हाही रिवाजच, पण पुस्तकी वळणाचा. वयस्क, जुन्या धाटणीच्या निवेदकाला तो शोभतो. यांतलं एक रूप निवडून धरून ठेवा. एकाच परिच्छेदात ‘राहायचो’ आणि ‘जात असे’ आले की दोन माणसं बोलताहेत असं वाटतं. ‘मी’ क्रियापदानंतर टाकल्याने वाक्याचा भार ‘एकटाच’वर गेला, हेही पाहून ठेवा. ही उलट मांडणी पानात एकदा शोभते. वारंवार केली की लकब होते.

‘काढले’ की ‘काढलं’ हा प्रश्न यालाच लागून आहे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार पात्राच्या तोंडच्या बोलीत ‘केलं, म्हटलं’ असं उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन लिहायचं आणि इतरत्र ‘केले, म्हटले’. तुमचा निवेदक स्वतःच पात्र आहे, त्यामुळे माझ्या मते अख्खी गोष्ट ‘केलं’मध्ये लिहिणं त्या नियमाला धरूनच होतं. मग ‘दारे’चं ‘दारं’ आणि ‘त्याचे घर’चं ‘त्याचं घर’ही करावं लागेल. एक ‘असे’ किंवा ‘होते’ मधेच राहून गेलं, तर वाचणाऱ्याचा कान तिथेच अडतो. म्हणून लिहून झाल्यावर एक वाचन फक्त एवढ्यासाठी, मोठ्याने करा.