‘हत्ती’चं अनेकवचन ‘हत्त्या’ का नाही?

प्रश्न : ‘दुसरीच्या मुलांना चित्रं दाखवून एकवचन-अनेकवचन शिकवते. फुगा-फुगे, फूल-फुले पटकन जमतं. पण चार हत्तींच्या चित्राखाली मुलं ‘हत्त्या’ लिहितात, चेंडूंच्या चित्राखाली ‘चेंडवे’. हत्ती-हत्ती लिहा म्हटलं तर विचारतात, मग अनेकवचन झालं कुठे? काय सांगावं?’

‘हत्त्या’ लिहिणाऱ्या मुलाने डोकं चालवलेलं आहे, हे आधी सांगतो. काठी-काठ्या, टोपी-टोप्या, नदी-नद्या हे त्याने ऐकलेलं आहे, त्यातून ‘शेवटी ई असली की या होतो’ असा नियम त्याने स्वतःच काढला आणि हत्तीला लावला. नियम बरोबरच आहे, पण तो स्त्रीलिंगी नामांचा आहे. हत्ती, पक्षी, कोळी ही पुल्लिंगी. ती अनेकवचनात जशीच्या तशी राहतात. चेंडू, खडू, चाकू, विंचू यांचंही तेच. अकारान्त पुल्लिंगीही बदलत नाहीत : एक उंदीर, पाच उंदीर, एक दगड, दहा दगड. पुल्लिंगीत बदलतात ती बहुतेक आकारान्त : फुगा-फुगे, मासा-मासे, ससा-ससे.

म्हणजे मराठीत नामाचं लिंग कळल्याशिवाय त्याचं अनेकवचन करता येत नाही. सात वर्षांच्या मुलाला ‘पुल्लिंगी ईकारान्त’ सांगून उपयोग नाही, पण ‘हा हत्ती’ आणि ‘ही काठी’ हे तो न शिकवता बरोबर बोलतो. लिंगाचं ज्ञान त्याच्या कानात आहेच. चित्राखाली नुसता शब्द लिहायला लावला की हे ज्ञान बाहेरच राहतं. म्हणून माझा आग्रह असा की चित्राखाली शब्द नको, छोटं वाक्य हवं.

एक पान असं करून पाहा. डावीकडे एक ससा, उजवीकडे तीन ससे. डावीकडे छापलेलं ‘हा ससा पळतो’, उजवीकडे ‘हे ससे पळतात’. हे फक्त वाचायचं. खालच्या ओळीत एक उंदीर आणि चार उंदीर : ‘हा उंदीर पळतो’, ‘हे ____ पळतात’. लिहिण्याआधी मोठ्याने म्हणायला लावा. मूल ‘हे उंदीर पळतात’ असं सहज म्हणतं. त्याखाली ‘हा हत्ती चालतो’, ‘हे ____ चालतात’. ‘हे हत्त्या चालतात’ म्हणताना बहुतेक मुलं स्वतःच अडखळतात, कारण ‘हे’च्या मागे ‘काठ्या’सारखा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नसतो, तिथे ‘या काठ्या’ असतं. आता ‘अनेकवचन झालं कुठे?’ याचं उत्तर पानावरच आहे. दोन्ही वाक्यांत काय काय बदललं ते रंगीत खडूने गोल करायला सांगा. ‘हा’चं ‘हे’ झालं, ‘चालतो’चं ‘चालतात’ झालं. हत्ती बदलला नाही, पण ते अनेक आहेत हे आजूबाजूच्या शब्दांनी सांगितलं.

या पानावर फक्त ‘हा’ची नामं ठेवा. दुसऱ्या पानावर ‘ही’ची : काठी, टोपी, सुई-सुया, चटई-चटया. याच पानावर पुढे वीट-विटा, चिंच-चिंचा आणि भिंत-भिंती, विहीर-विहिरी येऊ द्या. विटा का आणि भिंती का, याला मुलांना सांगता येईल असा नियम नाही. तिथे कानावर पडणं हाच उपाय, म्हणून तिथे जास्त वेळा म्हणवून घ्या आणि रिकाम्या जागा कमी ठेवा. ‘शाळा’ मात्र अनेकवचनातही ‘शाळा’च राहते, हत्तीचं कोडं उलगडलेल्या मुलांना ते आवडतं.

नपुंसकलिंगी नामांचं पान सगळ्यांत शेवटी, कारण खरा गुंता तिथे आहे. ‘हे ससे’ अनेक, पण ‘हे केळे’ एकच. ‘ही काठी’ एक, पण ‘ही फुले’ अनेक. शिवाय पहिल्या पानावर शेवटी ‘ए’ आला की अनेक असं मनात बसलेलं असतं, आणि इथे केळे-केळी, भांडे-भांडी, अंडे-अंडी असं नेमकं उलट होतं. तिन्ही लिंगांची चित्रं एकाच पानावर मिसळली की हुशार मुलंही गोंधळतात. या पानावर वाक्यात ‘एक’ आणि अंक घाला : ‘हे एक केळे आहे’, ‘ही चार केळी आहेत’. पाखरू-पाखरे, वासरू-वासरे इथेच येतात, आणि ‘चेंडवे’ कशामुळे झालं असावं तेही लक्षात येतं. शेवटी ऊ असलेली ही नपुंसकलिंगी नामं बदलतात, चेंडू बदलत नाही.

चित्रांबद्दल थोडं. अनेकवचनाच्या चित्रात दर वेळी दोनच वस्तू काढू नका. कुठे दोन, कुठे तीन, कुठे सात असू द्या, नाहीतर अनेक म्हणजे दोन असं होऊन बसतं. केळ्यांचा घड, द्राक्षांचा घड टाळा. घड एक, केळी अनेक, मुलाने काय मोजायचं? पाणी, दूध, वाळू घेऊ नका. आजोबा, बाई ही चित्रंही नकोत. ‘बाई आल्या’ म्हणताना बाई एकच असतात, क्रियापद मात्र आदराने अनेकवचनी होतं, आणि आपण नुकतंच मुलांना क्रियापदाकडे बघायला शिकवलेलं असतं.

तपासताना दोन चुका वेगळ्या मोजा. ‘फूले’, ‘वीटा’ लिहिणाऱ्याचं अनेकवचन बरोबर आहे. फूल-फुले, वीट-विटा यांत आधीचं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, तो शुद्धलेखनाचा वेगळा धडा आहे. ‘फुलं’, ‘केळं’ हे बोलण्यातलं रूप आहे आणि वर्गात बोलताना ते चालू द्यावं. वहीत ‘फुले’, ‘केळे’ लिहायचं, एवढं सांगितलं की पुरतं.

मुलांना खरंच कळलं की जोड्या पाठ झाल्या, हे ओळखायची एक युक्ती आहे. १९५८ मध्ये जीन बर्को या संशोधिकेने मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवून, त्यांना बनावट नावं देऊन इंग्रजी अनेकवचनं विचारली होती. मराठीत ही कल्पना आणखी रंगते. एक गोलमटोल प्राणी काढा आणि म्हणा, ‘हा गुंबी. आता हे तीन…?’ मग वेगळं चित्र दाखवून म्हणा, ‘ही गुंबी. आता या तीन…?’ पहिल्याला ‘गुंबी’ आणि दुसऱ्याला ‘गुंब्या’ असं उत्तर आलं, तर मूल ‘हा’ आणि ‘ही’ ऐकून ठरवतंय. दोन्हीकडे ‘गुंब्या’ आलं, तर ते अजून फक्त शेवटचं अक्षर बघतंय. त्याच्याकडून ससा, उंदीर, हत्तीचं पान पुन्हा एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.