लाभांशापुरता शेअर घेऊन लगेच विकला तर?

प्रश्न: ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही, त्या एक्स-डेटच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांश मिळवायचा आणि दुसऱ्या दिवशी विकून टाकायचा. यात फुकटचा नफा नाही का?

उत्तर: नाही, बहुतेक वेळा उलट थोडा तोटाच होतो, कारण एक्स-डेटला घेणाऱ्याला तो लाभांश मिळणार नसतो आणि म्हणून तो तेवढी किंमत कमी देतो. समजा १०० ला घेतलेल्या शेअरवर २ लाभांश आहे. सकाळी भाव ९८ च्या आसपास उघडला की तुमच्या हातात ९८ अधिक २, म्हणजे पुन्हा १०० च. आता लाभांशावर २० टक्के कर धरला तर ०.४० गेले, आणि दोन्ही वेळची दलाली व खरेदी-विक्रीच्या भावातला फरक मिळून ०.२० गेले. उरले ९९.४०. भाव पडल्याने झालेला २ चा तोटा लाभांशाच्या उत्पन्नातून वजा करता येतोच असं नाही. अनेक देशांत तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो. एल्टन आणि ग्रुबर यांच्या १९७० च्या अभ्यासात भाव सरासरीने लाभांशापेक्षा थोडा कमी पडतो असं दिसलं, आणि त्याचं कारण त्यांनी करात शोधलं. त्यामुळे ज्यांना लाभांशावर कर नाही आणि खर्चही नगण्य आहे, त्यांच्या हाती किंचित काही उरू शकतं. पण त्या एका दिवसात बाजार २ टक्के खाली गेला, तर तेही जातं.