पक्षाचा राजीनामा: चार ओळींत, भांडण न करता

प्रश्न: मी एका पक्षाच्या तालुका युवक आघाडीचा सरचिटणीस आहे. भांडण काही नाही, पण आता पद आणि पक्ष दोन्ही सोडायचं आहे. तालुकाध्यक्ष आमच्याच गावचे, नात्यानं मामा लागतात. राजीनाम्यात कारण लिहावं का, आणि तो द्यायचा कोणाला? बायको ग्रामपंचायत सदस्य आहे, तिला काही अडचण येईल का?

उत्तर:

भाऊ, आधी वहिनींचं सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनलवर होते. शिवाय राजीनामा तुमचा आहे, त्यांचा नाही. त्यांच्या सदस्यत्वाला धक्का लागत नाही. अडचण येते ती जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगर परिषदेवर पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या माणसाला. त्यांना महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 लागू होतो. अशा माणसानं स्वतःहून पक्ष सोडला तर त्याची जागाही जाऊ शकते. म्हणून कोणी पंचायत समिती सदस्य मित्र तुमचं पत्र बघून "मलाही असंच लिहून दे" म्हणाला, तर त्याला आधी वकिलाकडे पाठवा.

आता पत्र कोणाच्या नावानं. तुमचं नियुक्तीपत्र काढा आणि खाली सही कोणाची आहे ते बघा. आपल्याकडे तालुका आघाडीची नेमणूक बऱ्याचदा आघाडीचा जिल्हाध्यक्ष करतो आणि तालुकाध्यक्ष फक्त शिफारस करतो. सही जिल्हाध्यक्षांची असेल तर पत्र त्यांच्या नावे आणि प्रत तालुकाध्यक्षांना. मामा गावातच आहेत म्हणून त्यांच्याच हाती देऊन मोकळे झालात, तर पत्र त्यांच्या खिशात राहतं आणि जिल्ह्याच्या यादीत तुम्ही सरचिटणीसच असता.

पद आणि प्राथमिक सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं "पदाचा राजीनामा" लिहिलं तर तुम्ही साधे कार्यकर्ते म्हणून पक्षातच राहता. दोन्हींचा उल्लेख एकाच वाक्यात करा. सदस्य नोंदणी मोबाईलवरून झाली असेल तर तो नंबर आणि सदस्य क्रमांकही लिहा, नाहीतर एकाच नावाच्या चार माणसांतून तुमचं नाव कोणी शोधत बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवटच्या ओळीत. शाळेपासून अर्ज लिहायची सवय असते, म्हणून हात आपोआप लिहितो: "तरी माझा राजीनामा मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती." ही ओळ लिहू नका. तिनं तुम्ही निर्णय समोरच्याच्या हाती देता. मग "साहेबांनी राजीनामा नामंजूर केला" अशी बातमी येते, सत्कार होतो, आणि तुम्ही परत जिथल्या तिथं. पक्षाच्या घटनेत वेगळं काही नसेल तर सदस्यत्व सोडायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदणी असलेल्या पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, त्यातला सदस्यत्वाचा भाग एकदा वाचून घ्या. पत्रात "देत आहे" आणि "आजपासून" हे दोन शब्द स्पष्ट असू द्या.

कारण लिहू नका. "पक्षात निष्ठावंतांना किंमत नाही" असं लिहिलं तर उत्तर येतं, आणि उत्तराला पुन्हा उत्तर. "वैयक्तिक कारणास्तव" हेही गरजेचं नाही, पण लिहिलं तरी बिघडत नाही. "प्रकृतीच्या कारणास्तव" मात्र कधीच लिहू नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजार समितीत कापसाच्या गाडीसोबत दिसणार, आणि खोटं बोलल्याचं गावभर होणार.

मी असतो तर असं लिहिलं असतं:

> दिनांक : …
>
> प्रति,
> मा. जिल्हाध्यक्ष, युवक आघाडी, (पक्ष), जिल्हा …
>
> विषय : पद व प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा
>
> महोदय,
> मी तालुका युवक आघाडीच्या सरचिटणीसपदाचा आणि पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा आजपासून राजीनामा देत आहे. सदस्य क्रमांक … , नोंदणीचा मोबाईल … .
>
> काम करण्याची संधी दिलीत, त्याबद्दल मी आपला व सर्व सहकाऱ्यांचा आभारी आहे.
>
> माझ्याकडील पावती पुस्तके व जमा रक्कम यांची यादी सोबत जोडली आहे. पक्षाच्या याद्यांतून माझे नाव कमी करावे.
>
> आपला,
> (सही, पूर्ण नाव, गाव)
>
> प्रत : मा. तालुकाध्यक्ष

मामा असले तरी पत्रात "महोदय"च. नातं पत्राबाहेर ठेवा.

यादीची ओळ मी मुद्दाम घातली आहे. पक्ष सोडल्यावर गावात बदनामी होते ती बहुतेक वेळा पैशावरून. सदस्य नोंदणीची पुस्तकं तुमच्याकडे असतील तर प्रत्येक पुस्तकाचा पहिला आणि शेवटचा पावती क्रमांक, किती पावत्या फाडल्या, किती कोऱ्या आहेत आणि किती पैसे जमा आहेत हे एका कागदावर मांडा. स्थळप्रतीवरचा आकडा आणि हातातली रक्कम जुळते का, हे कोणीतरी तिसऱ्या माणसासमोर मोजा. कार्यालयाचा शिक्का आणि कोरी लेटरहेडही त्याच यादीत घ्या. सगळं देऊन कागदावर सही घ्या. ही सही नसेल तर वर्षभरानं कोणी "पुस्तकं त्याच्याकडेच आहेत" म्हटलं की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

पत्र देण्याच्या आदल्या संध्याकाळी मामांकडे जा आणि तोंडी सांगा. त्यांना ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळली तर पत्र कितीही गोड असो, वाईटपणा येणारच. "काहून बा, कोणी काही बोललं का?" असं ते विचारतील. त्याचं उत्तर "नाही मामा, आता वेळ देणं होत नाही" इतकंच द्या आणि चहा घेऊन उठा. वाद घालायला बसू नका. आणि इतर पोरं "आम्हीही सही करतो" म्हणून तुमच्याच कागदावर नावं टाकायला आली तर नाही म्हणा. त्याचे "सामुदायिक राजीनामे" होतात, वार्ताहर येतो, आणि तुमचं साधं पत्र बंड ठरतं. याच कारणासाठी आचारसंहिता लागायच्या आत किंवा निकालानंतर द्या, अर्ज भरायच्या आठवड्यात नको.

पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर "मिळाला" अशी तारखेसह सही घ्या. सही देत नसतील तर वाद न घालता जिल्हा कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा, पोच मिळेल अशा पद्धतीनं, आणि पावती जपून ठेवा. (आता रजिस्टर्ड पोस्ट वेगळी राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टातच आली आहे.) ही तारीख का हवी? कारण तुम्ही गेल्यावर "पक्षविरोधी कारवायांबद्दल हकालपट्टी" असं प्रसिद्धिपत्रक निघू शकतं. पोच आधीच्या तारखेची असेल तर त्या पत्रकाला कोणी महत्त्व देत नाही.

दुसऱ्या पक्षात जायचं असेल तर पोच हातात आल्यावरच तिकडचा फॉर्म भरा.

नंतर पोळ्याच्या किंवा गणपतीच्या फ्लेक्सवर तुमचं नाव, फोटो आणि जुनं पद दिसलं, तर समजा की यादी बदललेली नाही. तेव्हा फोन करून चिडू नका. पोचेची झेरॉक्स जोडून दोन ओळी पाठवा: "माझा राजीनामा दि. … रोजी आपणांस मिळाला आहे. कृपया माझे नाव व छायाचित्र वापरू नये."