झेइचिन्यु : ब्राझीलचा ‘तेवढं बघा ना’

प्रश्न : आमच्या पुण्याच्या ऑफिसात साओ पावलोच्या टीमबरोबर काम चालतं. तिथला एक सहकारी अडलेल्या कागदपत्रांबद्दल हसत म्हणाला, ‘मी एक जेइटिन्हो करतो.’ महिन्याभराने मीटिंगमध्ये सरकारी कामाचा विषय निघाला, तेव्हा तोच माणूस तोंड वाकडं करून म्हणाला, ‘हे बघा आमचं ब्राझिलियन जेइटिन्हो!’ शब्द एकच, सूर दोन. हा शब्द चांगला की वाईट? म्हणजे आपला जुगाड, की सरळ लाच? मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : आधी उच्चार, कारण या पोर्तुगीज शब्दाचं jeitinho हे स्पेलिंग फसवं आहे. सुरुवातीचा ‘जे’ म्हणजे ‘टेलिव्हिजन’ म्हणताना मध्ये येतो तो घासलेला झ. शेवटी जे ‘एन-एच’ दिसतं तो चक्क आपला ञ, वर्णमालेत पाठ करून पुढे फारसा न वापरलेला. शब्दाच्या शेवटचा ‘ओ’ हलका होऊन ‘उ’ होतो. मधला ‘ति’ रिओ आणि साओ पावलोत ‘चि’ होतो, तर ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफेकडे आणि पोर्तुगालमध्ये ‘ति’च राहतो. म्हणून तुमचा सहकारी म्हणत असणार ‘झेइचिन्यु’. पुढे मीही तसंच लिहितो.

मूळ शब्द ‘झेइतु’. लॅटिनमधल्या ‘फेकणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला, पण आज त्याचा अर्थ ढब, रीत, हातोटी. एखाद्या मुलाला स्वयंपाकाचं अंग आहे हे सांगायला हाच शब्द लागतो. एखादी व्यक्ती चारचौघांत ओशाळली, तिला काय करावं सुचेना, तर ती ‘सेइं झेइतु’, म्हणजे झेइतु नसलेली. या शब्दाला ‘दार’, म्हणजे देणे, हे क्रियापद जोडलं की ‘दार उं झेइतु’ होतं : जमवणे, मार्ग काढणे. इथवर चांगलं-वाईट काही नाही. प्लंबर गळक्या नळाचं ‘झेइतु’ करतो, आई पसारा घातलेल्या पोराला ‘या खोलीचं काहीतरी झेइतु कर’ म्हणून दटावते.

गंमत सुरू होते ती ‘इन्यु’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागल्यावर. ब्राझीलमध्ये तो फक्त आकार सांगायला वापरत नाहीत, समोरच्याला मऊ करायलाही वापरतात. काफे म्हणजे कॉफी, पण आलेल्या पाहुण्याला विचारायचं ते ‘काफेज़िन्यु घेणार?’ असं. मिनिटभर थांबायला सांगायचं तर ‘मिनुचिन्यु’. ते मिनिट साठ सेकंदांचंच असतं, किंवा बरंच मोठं. आपण ‘जरासं’, ‘तेवढं’, ‘एवढंसं’ हे शब्द विनंतीत घालतो ते मापासाठी नसतात, तसंच हे. ‘झेइतु’ला हा प्रत्यय लागला की अर्थ होतो : मोठं काही मागत नाही हो, नियमही मोडायला सांगत नाही, जरा वाकवता आला तर बघा.

हा शब्द खऱ्या अर्थाने खिडकीवर कळतो, म्हणून खिडकीवरचाच प्रसंग घेऊ. काळ 2018च्या आधीचा. ब्राझीलमध्ये सरकारी कामासाठी अर्ज द्यायचा, तर त्यावरची सही तुमचीच आहे असा शिक्का बऱ्याचदा लागायचा. तो शिक्का मारतात ‘कार्तोरियु’ नावाच्या नोंदणी कार्यालयात. तिथे तुमच्या सहीचा नमुना जपून ठेवलेला असतो, त्याच्याशी ताडून बघतात आणि शुल्क घेऊन शिक्का देतात. एक माणूस अर्ज घेऊन सरकारी खिडकीवर येतो. सगळं बरोबर आहे, फक्त शिक्का राहिलाय. कार्तोरियु बंद व्हायच्या बेतात आहे आणि अर्जाची शेवटची तारीख आजचीच. खिडकीतली बाई म्हणते, शिक्क्याशिवाय घेता येणार नाही.

आता तो म्हणतो : ‘मोसा, सेरा कि नाउं दा प्रा दार उं झेइचिन्यु?’

‘मोसा’ म्हणजे तरुणी. अनोळखी बाईला आदराने पण जवळिकीने हाक मारायची रीत, आपल्याकडचं ‘ताई’ जिथे येईल तिथे. ‘सेरा कि’ म्हणजे ‘होईल का बरं असं की’. थेट मागणी नाही, शंका. ‘नाउं दा’ म्हणजे ‘जमत नाही का’; होकार मागायचा तो नकाराच्या वाटेने. आणि मुख्य गोष्ट अशी की वाक्याला कर्ताच नाही. ‘तुम्ही करा’ असं तो म्हणत नाही, ‘काही होतं का’ एवढंच विचारतो. होणार ते आपोआप झाल्यासारखं होणार, करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. नियम वाकवणाऱ्या बाईला एवढी आडोशाची जागा त्या व्याकरणानेच दिली आहे. ‘इन्यु’ शेवटी येतो, बहुधा थोडं हसून आणि आवाज खाली आणून.

बाई विरघळली तर म्हणेल, ‘बघते काय करता येतं.’ मग ओळखपत्रावरची सही अर्जावरच्या सहीशी स्वतः ताडून बघेल आणि अर्ज घेईल. नाही विरघळली तर म्हणेल ‘नाउं तेइं झेइतु’, इलाज नाही. नकार देताना सहसा ‘इन्यु’ गळून पडतो. मागताना लाडिक प्रत्यय, नाकारताना कोरडा मूळ शब्द.

(2018मध्ये आलेल्या एका कायद्याने सरकारी कामांतली ही शिक्क्याची अट काढली. आता कर्मचाऱ्याने समोरच ओळखपत्राशी सही ताडून बघायची. म्हणजे त्या बाईने मेहेरबानी म्हणून केलं असतं तेच आता नियमात बसतं. खासगी व्यवहारांत मात्र शिक्का अजून कित्येकदा लागतोच.)

हाच माणूस आवाज चढवून ‘तुम्ही कोणाशी बोलताय, कळतंय का?’ म्हणाला असता तर? हे वाक्यही ब्राझीलमध्ये तितकंच प्रसिद्ध आहे. रोबेर्तु दामाता या मानववंशशास्त्रज्ञाने 1979च्या आपल्या पुस्तकात त्याची सविस्तर चिरफाड केली आहे. अडचण तीच, नियमही तोच, पण हा रस्ता हुद्द्याचा आहे, तर झेइचिन्युचा रस्ता बरोबरीचा. मीही माणूस, तुम्हीही माणूस, अडलोय, समजून घ्या. लिव्हिया बार्बोझा यांनी 1992च्या पुस्तकात झेइचिन्युचाच अभ्यास केला, त्यातलं एक निरीक्षण मला फार नेमकं वाटतं. झेइचिन्यु मिळवायला ओळख लागत नाही, पद लागत नाही, लागते ती बोलण्याची पद्धत. गोड बोलणारा रिकाम्या खिशाचा माणूस ते मिळवतो, तोऱ्यात बोलणारा श्रीमंत तिथेच अडतो. निदान लोकांची तशी समजूत आहे.

तुमच्या लाचेच्या प्रश्नाचं उत्तरही बार्बोझा यांच्याच मांडणीत सापडतं. एका टोकाला उपकार, दुसऱ्या टोकाला भ्रष्टाचार आणि मध्ये झेइचिन्यु, अशी ती मांडणी. उपकार ओळखीतल्या माणसाकडे मागतात आणि तो कधीतरी फेडायचा असतो. भ्रष्टाचारात पैसा फिरतो. झेइचिन्यु अनोळखी माणसाकडेही मागता येतं, आणि फेड म्हणजे मनापासूनचा एक ‘ओब्रिगादु’, धन्यवाद. अर्थात सीमारेषा पुसट आहे, आणि ती ओलांडतानाही ‘इन्यु’च मदतीला येतो. ‘काफेज़िन्युसाठी काहीतरी’ असं कोणी म्हणालं की समजायचं, कॉफीचा संबंध संपला. आपल्या ‘चहापाण्या’चा तो सख्खा भाऊ. त्या व्यवहाराला उघड नाव ‘प्रोपिना’, म्हणजे ब्राझीलमध्ये लाच. पोर्तुगालमध्ये मात्र प्रोपिना म्हणजे विद्यापीठाची फी, त्यामुळे लिस्बनमध्ये विद्यार्थी प्रोपिना भरतो म्हटलं तर दचकू नका.

आता तुमच्या सहकाऱ्याचे दोन सूर. पहिल्यांदा तो स्वतःबद्दल बोलत होता. ‘मी एक झेइचिन्यु करतो’ यात किंचित मिरवणं आहे, ‘काळजी नको, मी आहे ना’ असं आश्वासन आहे आणि डोळे मिचकावणंही. दुसऱ्यांदा त्याने विशेषण जोडलं : ‘झेइचिन्यु ब्राज़िलेइरु’. विशेषण लागलं की एका खिडकीवरची विनंती बाजूला पडते आणि शब्द साऱ्या देशाच्या स्वभावावरचा शेरा होतो. तो शेरा कधी अभिमानाचा असतो (‘आम्ही कशातूनही वाट काढतो’), कधी वैतागाचा (‘म्हणूनच इथे काही धड होत नाही’). वर्तमानपत्रांत जास्त करून वैतागाचाच दिसतो. व्याकरणातला पुरुष बदलला तरी सूर बदलतो. ‘मी झेइचिन्यु केलं’ यात चातुर्य, ‘त्यांनी झेइचिन्यु केलं’ यात संशय. तेव्हा शब्द चांगला की वाईट हे नुसत्या शब्दावरून ठरवता येत नाही. कोण कोणाबद्दल बोलतंय ते आधी बघायचं. माझा एक आगाऊ सल्ला : विशेषणासकटचा प्रयोग तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर करू नका. घरच्याने घराला नावं ठेवणं वेगळं, पाहुण्याने ठेवणं वेगळं.

एक तिसरा अर्थही आहे, तो तुमच्या कानावर अजून आलेला दिसत नाही. ‘कों झेइचिन्यु’ म्हणजे हलक्या हाताने, सांभाळून. घट्ट बसलेलं झाकण असं उघडायचं, वाईट बातमी अशी सांगायची. आणि ‘तिचं ते झेइचिन्यु’ म्हणजे तिची ती गोड लकब. इथे नियमांचा काही संबंध नाही. कागदपत्रं ‘कों झेइचिन्यु’ हाताळा असं कोणी म्हणालं, तर फक्त ती फाडू नका असं म्हणायचंय.

जुगाड मात्र मी म्हणणार नाही. आपण जुगाड म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्यासमोर वस्तू असते : तारेने बांधलेला सायलेन्सर, बाटली कापून केलेलं नरसाळं. त्याला ब्राझीलमध्ये वेगळा शब्द आहे, ‘गांबियाहा’. गांबियाहा वस्तूशी होतं, झेइचिन्यु माणसाशी. ‘वशिला’ही नाही, कारण त्याला वरची ओळख लागते. ‘सेटिंग’मध्ये आधीपासून संगनमत असतं. ‘पळवाट’ कायद्यातच असते, ती शोधायला खिडकीतल्या बाईची दया लागत नाही. मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा वाक्य घ्या. विनंती असेल तर ‘तेवढं बघा ना काहीतरी’, आश्वासन असेल तर ‘जमवतो मी’, टोमणा असेल तर ‘आपलं नेहमीचंच, कसंतरी भागवलं’. लेखात संकल्पना म्हणून येत असेल तर मूळ शब्दच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

कामाच्या दृष्टीने एक सांगतो. साओ पावलोकडून ‘आ झेंचि दा उं झेइतु’, म्हणजे ‘आपण करू काहीतरी’, असं उत्तर आलं तर त्यात सदिच्छा पुरेपूर असते, पण नाव आणि तारीख दोन्ही नसतात. ‘आ झेंचि’ म्हणजे ‘आपण’, आणि त्या ‘आपण’मध्ये नेमकं कोण हे बोलणाऱ्यानेही बऱ्याचदा ठरवलेलं नसतं. तेव्हा हसून, जमलं तर एखादा ‘इन्यु’ पेरून, ‘कोण करेल आणि कधीपर्यंत?’ हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.