व्यवहारतोल: दोन खात्यांची बेरीज शून्य का येते?

देशाच्या परदेशांशी होणाऱ्या सर्व व्यवहारांचा हिशेब म्हणजे व्यवहारतोल. त्यातील चालू खात्यात आयात-निर्यातीसारखे व्यवहार, तर भांडवली खात्यात परकीय देणी, गुंतवणूक व मालमत्ता यांतील बदल नोंदतात. मग चालू खात्यात तूट आली की भांडवली खात्यात नेमके तेवढेच आधिक्य कसे येते? कोणी ते जुळवून आणते का?

कोणी जुळवून आणत नाही. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, त्यातच ते येते. समजा, एका आयातदाराने परदेशी कंपनीकडून १० लाख डॉलरचे यंत्र घेतले. यंत्र देशात आले, ही चालू खात्यातील नावे नोंद झाली. कंपनीने ते सहा महिन्यांच्या उधारीवर दिले असेल, तर देशावर तेवढे परकीय देणे चढले. आयातदाराच्या बँकेने परदेशातील आपल्या खात्यातून रक्कम चुकती केली असेल, तर देशाची परकीय मालमत्ता तेवढी घटली. देणे वाढणे आणि मालमत्ता घटणे, या दोन्ही भांडवली खात्यातील जमा नोंदी आहेत. (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची २००९ ची नियमपुस्तिका या नोंदी वित्तीय खात्यात दाखवते, येथे वित्तीय व भांडवली ही दोन्ही खाती मिळून भांडवली खाते म्हटले आहे.)

बेरीज नेहमी शून्यच असेल, तर व्यवहारतोलाचे संकट येते कसे?

शून्य येते ते मध्यवर्ती बँकेच्या परकीय चलनसाठ्यातील बदल धरून. परदेशी गुंतवणूकदार व सावकार पैसे देत आहेत तोवर तूट त्यांच्या पैशातून भागते. त्यांनी हात आखडता घेतला की मध्यवर्ती बँकेला साठ्यातील डॉलर विकावे लागतात, आणि कागदावर तोल तसाच राहतो. म्हणून संकटाची चाहूल हवी असेल, तर चलनसाठ्याची ओळ वगळून उरलेली बेरीज पाहावी. साठा आटल्यावर मात्र चालू खात्यालाच झुकावे लागते. थायलंडची तूट १९९६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के होती. जुलै १९९७ मध्ये तेथील चलन बाथ तरते, म्हणजे बाजार ठरवील त्या दरावर, सोडावे लागले, आयात कोसळली आणि १९९८ मध्ये त्याच देशाच्या चालू खात्यात १२ टक्क्यांहून अधिक आधिक्य होते. ते समृद्धीचे लक्षण नव्हते. बाहेरचा पैसा थांबल्याने तूट परवडेनाशी झाली होती. दोन खात्यांचे आकडे समान पण उलट चिन्हांचे असतात एवढेच हे समीकरण सांगते. कोणी कोणाला ओढले, ते प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते.

मग प्रसिद्ध आकड्यांत ‘त्रुटी व वगळलेल्या नोंदी’ ही ओळ कशासाठी?

कारण एकाच व्यवहाराच्या दोन बाजू वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजल्या जातात: माल सीमाशुल्क विभागाकडून, पैसा बँकांकडून. निर्यातदाराने १० लाखांचा माल पाठवला, सात लाख परत आणले आणि तीन लाख परदेशातील अघोषित खात्यात ठेवले, तर जमा बाजूला १० आणि नावे बाजूला सातच दिसतात. उरलेले उणे तीन लाख या ओळीत जातात. ही रक्कम कधी अधिक, कधी उणे अशी डोलत असेल, तर ती बहुधा मोजणीतील वेळेची तफावत असते. ती वर्षानुवर्षे उणेच आणि मोठी राहिली, तर भांडवल नोंदीविना बाहेर जात असल्याची शंका घ्यायला जागा आहे.