‘बघतो’ म्हणणाऱ्या मालकाकडून निर्णय कसा काढायचा?

डिचोलीला जुन्या घरांची दुरुस्ती करतो. मालक मुंबईला असतात. छपराचं सगळं सविस्तर लिहून पाठवलं, वीस फोटो, दर, लाकडाची माहिती. तीन आठवडे नुसतं ‘बघतो’ येतंय आणि पाऊस तोंडावर आलाय.

तुमचा मेसेज वाचला, माहिती सगळी आहे हो, पण मालकाने नेमकं काय ठरवायचं तेच त्यात कुठे नाही. लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचणारा माणूस एवढं सगळं बघून ‘घरी गेल्यावर निवांत वाचू’ म्हणतो आणि ते निवांत कधी येत नाही. तुमचेच आकडे घेऊन आणि जे राहिलं होतं ते अंदाजाने भरून मी असं लिहिलं असतं:

“काका, छपराचं २० एप्रिलपर्यंत ठरवायला हवं.
अ – कुजलेले वासे आणि फुटकी कौलं तेवढीच बदलायची. १ लाख ४० हजार, ८ दिवस. उरलेल्या लाकडालाही वाळवी आहे, दोन-तीन वर्षांत परत काम निघेल.
ब – सगळं लाकूड काढून लोखंडी पाइपचा सांगाडा, वर जुनीच कौलं. ४ लाख २० हजार, २५ दिवस. गंज धरू नये म्हणून मधून मधून रंग द्यावा लागेल.
माझं मत ब, कारण ३० पैकी ११ वासे आतून पोकळ निघालेत. यंदा एवढे पैसे काढणं जड जात असेल तर अ करू.
नुसतं अ किंवा ब लिहा. २० पर्यंत उत्तर नाही आलं तर ब पावसाआधी होणार नाही, मी ताडपत्री घालून ठेवतो.”

दोन्हीकडे पैसे, दिवस आणि तोटा, हे तिन्ही सांगितलंय. तुमच्या मूळ मेसेजमध्ये अ चा खर्च होता पण दिवस नव्हते, ब चे दिवस होते पण तोटा नव्हता, मग तुलना करायची कशी? फोटो पाठवा, पण मागाहून, तेही दोनच. तारीख उगाच घाई करायला नाही टाकलेली, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरला तर २५ दिवस मागे मोजून वर मजूर न आल्याचे वगैरे तीनेक आठवडे धरले की तिथेच येते. आणि उत्तर नाही आलं तर काय करणार ते लिहिताना स्वस्त आणि नंतर मोडता येईल असंच लिहा. ‘उत्तर नाही आलं तर ब सुरू करतो’ असं कधीच नको, चार लाख कोणाच्या गप्प बसण्यावर खर्च करायचे नसतात. एवढं करूनही मालकाने उलट प्रश्न विचारला तर वैतागू नका, त्या प्रश्नातली माहिती मेसेजमध्ये राहिली होती असं समजा.

म्हापशाला इंटिरियरचं काम करते. एक पर्याय चांगला म्हटला की लोकांना वाटतं यात हिचं कमिशन आहे. म्हणून हल्ली दोन्ही सांगून गप्प बसते.

गप्प बसलात की समोरचा स्वस्तातलं घेतो किंवा मेव्हण्याला विचारतो. मत द्याच, फक्त कारण असं द्या की ते त्यांना स्वतः तपासता येईल. ‘क्वालिटी चांगली आहे’ हे कोणालाच तपासता येत नाही, पण ‘सिंकखालच्या जुन्या कपाटाची खालची कड बघा, एमडीएफ पाणी पिऊन फुगलाय’ हे दार उघडलं की दिसतं. दुसरा पर्याय कधी बरोबर ठरेल तेही सांगा, मग विकायला बसल्यासारखं वाटत नाही. खरंच कमिशन असेल तर सरळ सांगून टाका, नाहीतर माल त्यांनाच आणू द्या.

आणि एक, तुम्ही पाठवलेल्या नमुना मेसेजमध्ये सिंकखाली मरीन प्लाय की साधा एमडीएफ असं विचारलंय. गोव्याच्या पावसात तिथे एमडीएफ तुम्ही स्वतःच्या घरी लावाल? नाही ना, मग तो पर्याय नव्हेच, भरतीला घातलाय. तिथे प्लायचा दर सांगून सरळ ‘करू ना?’ विचारा.

घर तीन भावांचं. ग्रुपवर विचारलं तर एक अ म्हणतो, एक ब, तिसरा कतारहून अंगठा टाकतो.

अंगठा कशाला, अ ला की ब ला? ग्रुपवर पर्याय टाकायच्या आधी ‘शेवटचं कोण सांगणार आणि पैसे कोण पाठवणार’ एवढंच विचारून घ्या. मग मेसेज त्या एकालाच करा, बाकीच्यांना त्यांचं ते सांगू देत. भावांच्या भांडणात पंच व्हायला जाऊ नका, जो हरेल तो तुमचं बिल अडवील.

मी ब सांगितला, मालकाने अ निवडला. आता?

अ करा, नीट करा. त्याच दिवशी एक ओळ पाठवा: “ठीक, अ करतो. बाकीचे वासे तसेच राहतील, पुढच्या एप्रिलमध्ये एकदा टोचून बघू.” परत पटवायला जाऊ नका. मध्येच कौलं उतरवल्यावर आणखी वासे पोकळ निघाले तर मात्र काम थांबवून नव्या आकड्यांसकट पुन्हा विचारा, कारण त्यांनी हो म्हटलं होतं ते ११ वाशांना.