K घेताना उणे चिन्ह विसरलात, तिथे सगळं गेलं

*"मी चोपड्याची, बी.एस्सी. दुसरं वर्ष. 0 ते 1 मध्ये e^(-x²) चं इंटिग्रल ट्रॅपेझॉइडल रूलने 0.001 च्या आत काढायला n किती, असा प्रश्न होता. मी f'' ची सगळ्यात मोठी किंमत 0.74 घेतली, n = 8 आला. उत्तरात 13 आहे. पण 8 घेऊन बघितलं तर खरी चूक 0.00096 च येते! मग मला शून्य मार्क का?"*

ताई, तुमची पोस्ट वाचून मी हातातला चहा बाजूला ठेवला. हेच गणित, हाच 0.74, आणि हाच राग. फॉर्म्युला तुम्हाला येतो हे दिसतंय, म्हणून थेट K वर येतो.

f''(x) = (4x² - 2)e^(-x²). 0 ला ती -2 आहे आणि 1 ला 2/e, म्हणजे 0.7358. मधे ती सतत चढतच जाते, कारण तिसरं डेरिव्हेटिव्ह 4x(3 - 2x²)e^(-x²) या पट्ट्यात कुठेच उणे होत नाही. तुम्ही चढणीचं टोक पकडलं. पण K ही f'' ची नव्हे, |f''| ची कमाल किंमत असते, आणि ती 0 ला आहे: 2. मग K(b-a)³/(12n²) ≤ 0.001 मधून n² ≥ 166.7 येतं, म्हणजे n = 13.

आता "पण 8 ने जमतंय ना" हा मुद्दा. मी यावरच अडून बसलो होतो. बाउंड हे उत्तर नसतं, ती हमी असते: चूक याच्या वर जाणार नाही. तुमची हमी n = 4 ला तपासा. 0.7358/(12·16) म्हणजे 0.003832. ट्रॅपेझॉइडल देतो 0.742984, खरी किंमत 0.746824, चूक 0.003840. हमी मोडली, केसभर का होईना.

केसभरच का, हे मला फार उशिरा कळलं. खरी चूक f'' च्या कमाल किमतीवर नाही, साधारण तिच्या सरासरीवर चालते. सरासरी म्हणजे f'(1) - f'(0), भागिले पट्ट्याची लांबी 1. ती येते -0.7358. या फंक्शनमध्ये f'(1) आणि f''(1) हे आकडे चिन्ह सोडून सारखेच आहेत, म्हणून चुकीचा K जवळजवळ बरोबर दिसतो. निव्वळ योगायोग.

पट्टा बदला की योगायोग संपतो. 0 ते 0.5 घ्या, n = 1, हातानेच होतं. एकच समलंब चौकोन: 0.25 × (1 + 0.7788) = 0.4447. खरी किंमत 0.4613, म्हणजे चूक 0.0166. तुमच्या पद्धतीने टोकाची किंमत, -0.7788, चिन्ह सोडून K = 0.7788 घेतली तर हमी येते 0.0081, खऱ्या चुकीच्या निम्मी! K = 2 घेतला तर 0.0208, आणि चूक त्याच्या आत राहते.

मी हे परीक्षेत चुकलो तेव्हा पारोळ्याहून तीनदा जळगावला गेलो, मे महिन्याच्या उन्हात. फेरतपासणीचे पैसे भरले. खिडकीवरून दर वेळी एकच उत्तर: "गुणात बदल नाही." का नाही, ते कोणी सांगेना, आणि सांगणारा माणूस कुठे भेटेल तेही नाही. एक ओळ लिहून दिली असती, "absolute value घ्या", तरी पुरलं असतं. ती न मिळाल्याने मी आपलंच खरं धरून बसलो, आणि पुढे दोन वर्षं क्लासच्या पोरांना हाच चुकीचा K शिकवला. त्या पोरांचं मला आजही वाईट वाटतं.

मी परीक्षक नाही, त्यामुळे शून्यच द्यायला हवं होतं का हे मी सांगू शकत नाही. माझ्या मते फॉर्म्युल्याचे मार्क मिळायला हवे होते. फेरतपासणीआधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, मी ती मागवली नव्हती.

निवड तुमच्या हातात असेल तर मिडपॉइंट घ्या. त्याच्या बाउंडमध्ये 12 च्या जागी 24 येतात, म्हणून इथे n = 10 पुरतो. n = 4 ला तो 0.748747 देतो, म्हणजे चूक ट्रॅपेझॉइडलच्या साधारण निम्मी आणि उलट बाजूला. दोन्ही उत्तरांतल्या फरकाचे दोन तृतीयांश काढा: 0.00384, ट्रॅपेझॉइडलची चूक खरी किंमत न बघताच हातात. मात्र हा अंदाज आहे, हमी नाही. पेपरात "n किती" विचारलं तर तो लिहू नका. तिथे |f''| चा तक्ता करा, दोन्ही टोकं आणि मधे जिथे f''' शून्य होतं ती जागा, आणि त्यातला मोठा आकडा K म्हणून लिहा.